खर्च खरा, तरी वजावट नाही

वर्षअखेरीला व्यापाऱ्याच्या हाती दोन आकडे येतात. नफा-तोटा पत्रक सांगते की नफा 9,40,000 रुपये झाला. त्याच वह्यांवरून तयार झालेले आयकराचे गणित म्हणते की धंद्याचे करपात्र उत्पन्न 12,65,000 रुपये आहे. सव्वातीन लाखांची ही तफावत पाहिली की मनात दोनच शंका येतात. वह्या खोट्या असाव्यात किंवा कायदा अन्याय करत असावा. बहुतेक वेळा दोन्ही शंका चुकीच्या असतात. वह्या खऱ्या असतात, खर्च खरोखर झालेले असतात, आणि तरीही त्यांतले काही खर्च कर मोजताना नफ्यात परत मिळवावे लागतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण पाठ करायच्या यादीसारखे शिकवले जाते: आयकर मिळवा, दंड मिळवा, उचल मिळवा, घसारा मिळवा. ही यादीच मुळात घोटाळा करते, असे मला वाटते. खर्चाच्या नावावरून काही ठरत नाही. तो कोणत्या कारणाने नाकारला जातो, यावर सगळे अवलंबून असते. किती रक्कम परत मिळवायची, पूर्ण की काही भाग, आणि ती पुढे कधी वजावट म्हणून परत येणार की कायमची गेली, ही तिन्ही उत्तरे त्या कारणातच दडलेली असतात.

हिशेबी नफ्यापासूनच सुरुवात का करायची, हा प्रश्न आधी सोडवून घ्यायला हवा. 1961 च्या आयकर कायद्यात ‘धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न’ हे वेगळे शीर्षक आहे, आणि त्यातला नफा कसा मोजायचा हे कलम 30 पासून 43 डी पर्यंतची कलमे सांगतात. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण खाली ज्या तत्त्वांची चर्चा आहे ती जुन्या क्रमांकांनीच सर्वांच्या तोंडी आहेत, म्हणून मीही तेच वापरतो. कायदा शून्यापासून नवा हिशेब मांडायला सांगत नाही. व्यापारी नेहमीच्या पद्धतीने ठेवत असलेला हिशेब तो आधार म्हणून घेतो आणि जिथे त्याचे म्हणणे वेगळे आहे तेवढ्याच जागी दुरुस्ती करतो. म्हणून परत मिळवणे म्हणजे वहीतली नोंद खोडणे नव्हे. वही तशीच राहते, बँकेला आणि भागीदाराला तीच दाखवायची असते. दुरुस्ती फक्त कराच्या कागदावर होते. यातून एक साधा नियम निघतो आणि परीक्षेत सर्वाधिक गुण याच नियमाच्या विस्मरणाने जातात: जो खर्च नफा-तोटा पत्रकाच्या नावे बाजूला आलेलाच नाही, तो परत मिळवता येत नाही. मालकाने भरलेला आगाऊ आयकर जर थेट उचल खात्यात टाकला असेल, तर त्याने नफा कमी झालेलाच नाही. तो ‘अमान्य खर्च’ म्हणून पुन्हा नफ्यात मिळवला, तर उत्पन्न फुगते.

उदाहरण घेऊ. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. तिथल्या एका काल्पनिक घाऊक हळद व्यापाऱ्याचे हे वर्ष समजा. धंदा एकट्याच्या मालकीचा आहे, विक्री लेखापरीक्षणाच्या मर्यादेपलीकडे गेलेली आहे, आणि हिशेब येणे-देणे धरून ठेवला जातो. निव्वळ नफा 9,40,000 रुपये. नावे बाजूला घराचे वीजबिल आणि मालकाच्या आयुर्विम्याचा हप्ता मिळून 96,000 रुपये आहेत. आयकर 80,000 रुपये आहे. वजनमापाच्या कायद्याचा भंग झाल्याबद्दलचा दंड 5,000 रुपये आहे. ‘यंत्रदुरुस्ती’ या खात्यात 1,20,000 रुपये पडले आहेत, पण प्रत्यक्षात ते 10 डिसेंबरला घेऊन लगेच चालू केलेल्या नव्या पॅकिंग यंत्राचे आहेत. दलालाला दिलेल्या 90,000 रुपये दलालीवर टीडीएस कापायला हवा होता, तो कापलेला नाही. बारदान विकणाऱ्याला एकाच दिवशी 28,000 रुपये रोख दिले आहेत. कामगारांच्या बोनसची तरतूद 75,000 रुपयांची आहे, त्यातले 50,000 रुपये ऑगस्टमध्ये दिले, 25,000 विवरणपत्र भरेपर्यंत दिलेले नव्हते. वहीतला घसारा 70,000 रुपये आहे, तर कायद्याच्या दरांनी जुन्या मालमत्तेवरचा घसारा 85,000 रुपये येतो. जमा बाजूला बँकेतल्या मुदतठेवीचे 32,000 रुपये व्याज आहे. आणि एक नोंद अशी आहे जी पाहताच हात परत मिळवण्याकडे जातो: एका शेतकऱ्याकडून थेट हळद घेऊन त्याला 60,000 रुपये रोख दिले आहेत.

पहिले कारण खर्चाच्या स्वरूपाचे आहे. कलम 37(1) मध्ये वजावटीची सर्वसाधारण कसोटी सांगितली आहे: खर्च भांडवली नसावा, खासगी नसावा, आणि पूर्णपणे व केवळ धंद्यासाठी केलेला असावा. घराचे वीजबिल आणि विम्याचा हप्ता या कसोटीवर टिकत नाहीत, कारण ते मालकाचे खर्च आहेत, धंद्याचे नव्हेत. म्हणून पूर्ण 96,000 रुपये परत मिळवायचे. विम्याचा हप्ता जुन्या करप्रणालीत वेगळ्या कलमाखाली एकूण उत्पन्नातून वजा होऊ शकतो, पण तो धंद्याच्या उत्पन्नाचा प्रश्न नाही. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत उरकल्या तर दुहेरी वजावट तरी होते किंवा एकही होत नाही. आयकराची गोष्ट वेगळी, तिला कायद्यात स्वतंत्र बंदी आहे. आयकर हा नफा मिळवण्यासाठीचा खर्च नसून नफा झाल्यानंतर त्यातून सरकारचा वाटा आहे. तो वजा होऊ दिला तर कराची रक्कम स्वतःच्याच पायावर बदलत राहील. दंडाबद्दल न्यायालयाची भूमिका जुनी आणि ठाम आहे. 1961 साली हाजी अझीझ अँड अब्दुल शकूर ब्रदर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड हा धंदा चालवण्यासाठीचा खर्च मानता येत नाही. इथेही नाव फसवते. ग्राहकाला माल उशिरा पोहोचला म्हणून करारानुसार दिलेली भरपाई वहीत ‘दंड’ म्हणूनच लिहिली जाईल, पण तो कायद्याचा भंग नाही, धंद्यातली नुकसानभरपाई आहे, आणि ती वजा होते. खात्याचे नाव वाचून निर्णय घेणारा इथे चुकतो.

पॅकिंग यंत्राचे 1,20,000 रुपये याच गटातले आहेत, पण त्यांचा शेवट वेगळा आहे. खर्च भांडवली आहे, म्हणून ‘दुरुस्ती’ या नावाखाली घेतलेली संपूर्ण वजावट काढून घ्यायची. त्याच वेळी यंत्र मालमत्तेत जाते आणि त्यावर घसारा मिळतो. यंत्रसामग्रीचा सर्वसाधारण दर 15 टक्के आहे, पण ज्या वर्षी मालमत्ता घेतली त्या वर्षी ती 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर दराचा निम्मा हिस्साच मिळतो. 10 डिसेंबर ते 31 मार्च हा काळ 180 दिवसांच्या खूप अलीकडे संपतो. म्हणून साडेसात टक्क्यांनी 9,000 रुपये मिळतात. यंत्र ऑगस्टमध्ये चालू झाले असते तर 18,000 मिळाले असते. सर्वांत जास्त दिसणारी अर्धवट चूक इथली आहे: विद्यार्थी 1,20,000 परत मिळवतो आणि थांबतो, किंवा 1,20,000 मधून 9,000 वजा करून 1,11,000 ही एकच ओळ लिहितो. उत्तर जुळते, पण कागद तपासणाऱ्याला पायरी कळत नाही. दोन ओळी ठेवाव्यात, कारण त्यांची कारणे दोन आहेत. वहीतल्या 70,000 रुपये घसाऱ्याचेही तसेच. घसारा नाकारलेला नाही, तर वहीतल्या अंदाजाच्या जागी कायद्याचा दर बसवला आहे. म्हणून वहीतला पूर्ण परत मिळवायचा आणि कायद्याचा पूर्ण वजा करायचा.

दुसरे कारण पैसे कसे दिले याचे आहे, आणि सर्वाधिक नाराजी याच्यावर असते. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रक्कम रोख दिली, तर कलम 40 ए (3) ती खर्च म्हणून मान्य करत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा 35,000 आहे. बारदानाचे 28,000 रुपये म्हणून पूर्णच्या पूर्ण परत मिळवायचे. मर्यादेच्या वरचे फक्त 18,000 नव्हे. कारण 10,000 हा माफीचा हिस्सा नाही, तो नियम कधी सुरू होतो ते सांगणारा उंबरठा आहे. उलट त्याच बारदानवाल्याला वेगवेगळ्या तीन दिवशी प्रत्येकी 9,000 रुपये दिले असते तर एक रुपयाही परत मिळवावा लागला नसता. एकाच दिवसात तीन पावत्यांनी दिले असते तर मात्र तीन मिळून बेरीज धरली जाते. आणि शेतकऱ्याला दिलेले 60,000? ते वजा होतात. आयकर नियमांतला 6 डीडी हा नियम शेतमाल पिकवणाऱ्याला थेट दिलेल्या रोख पैशाला अपवाद देतो. हळद दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली असती तर तो अपवाद उपलब्ध नसता. म्हणजे माल तोच, रक्कम तीच, रोख तीच, पण विकणारा कोण हे बदलताच उत्तर बदलते. पुरावा म्हणून शेतकऱ्याची सही असलेली पावती आणि तो माल पिकवणारा आहे हे दाखवणारा कागद हातात नसेल, तर तपासणीत हा अपवाद टिकवणे अवघड जाते.

यावर आक्षेप स्वाभाविक आहे. बारदान खरोखर आले, पैसे खरोखर गेले, विकणारा खरा आहे. मग खर्च नाकारणे म्हणजे न मिळालेल्या नफ्यावर कर आकारणे नाही का? हा आक्षेप हलका नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अत्तर सिंग गुरमुख सिंग प्रकरणात 1991 साली न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. ती धंदा रोखण्यासाठी नाही, काळ्या पैशाच्या वापराला आळा घालण्यासाठी आहे आणि नियम 6 डीडी अपरिहार्य परिस्थितीला वाट देतो, असा त्या युक्तिवादाचा गाभा होता. पण मी याहून पुढे जाऊन म्हणेन की हा नियम शिक्षेसारखा वाचला तर समजतच नाही. इथे उत्पन्नाचा ‘खरेपणा’ तपासला जात नाही, पैशाचा माग ठेवला नाही म्हणून वजावट मिळत नाही. नियम कडक आहे हे मात्र खरे, आणि तो नेहमी इतका कडक नव्हता. 1968 साली कलम आले तेव्हा मर्यादा 2,500 रुपये होती. मधल्या काळात मर्यादा 20,000 रुपये झाली आणि अनेक वर्षे नियम असा होता की मर्यादा ओलांडणाऱ्या पूर्ण रोख रकमेचे फक्त 20 टक्के अमान्य. 2007 च्या वित्त कायद्यानंतर पूर्ण रक्कम अमान्य झाली आणि 2017 मध्ये मर्यादा 10,000 वर आली. आमच्या बारदानाचे 28,000 रुपये त्या जुन्या नियमाने फक्त 5,600 रुपये परत मिळवायला लावतात. म्हणून जुने पुस्तक हातात घेऊन आजचे गणित, किंवा आजचा नियम मनात धरून जुन्या वर्षाचे गणित सोडवले, तर बेरीज बिनचूक असूनही उत्तर चुकते. प्रश्नात ज्या वर्षाचा आणि जो नियम दिला आहे, तोच लावायचा, आपल्याला आठवणारा नव्हे. परीक्षक नियम लिहून देतो तेव्हा तो दयाळूपणा दाखवत नसतो, त्या वर्षाचा कायदाच सांगत असतो.

तिसरे कारण काळाचे. खर्च धंद्याचा आहे, रक्कम बरोबर आहे, येणे-देणे धरून ठेवलेल्या हिशेबात त्याची तरतूदही योग्य आहे, पण पैसे अजून हातून गेलेले नाहीत. बोनस, मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, बँकेच्या कर्जावरचे व्याज, जीएसटीसारखे कर यांच्यासाठी कलम 43 बी म्हणते की प्रत्यक्ष भरणा झाला तरच वजावट. हे कलम आले ते एका विशिष्ट अनुभवातून. 1971 साली केदारनाथ ज्यूटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विक्रीकराचे देणे कायद्याने उभे राहिले की त्याची वजावट मिळते, मग वहीत नोंद नसो वा देण्याविरुद्ध वाद चालू असो. तत्त्व म्हणून ते बरोबरच होते. पण मग व्यवहारात काही करदाते विक्रीकर किंवा उत्पादन शुल्क खर्च म्हणून वजा करत, तेच देणे न्यायालयात लढवत आणि वर्षानुवर्षे भरत नसत. 1983 च्या वित्त कायद्याने कलम 43 बी आणले ते यासाठी. सुरुवातीचे कलम फार कठोर निघाले. मार्चमधल्या विक्रीवरचा कर एप्रिलमध्ये भरायची मुदत असते. ती पाळून भरला तरी आधीच्या वर्षी वजावट जाऊ लागली. 1987 मध्ये सुधारणा झाली की विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरले तरी चालेल, आणि 1997 च्या अलाइड मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती सुधारणा मागील प्रभावाने लागू धरली. म्हणजे कायद्याचा हेतू आणि कठोरता यांतले अंतर आधीच लक्षात आले होते. आमच्या व्यापाऱ्याचे 50,000 रुपये या सुधारणेनेच वाचतात. ते ऑगस्टमध्ये, म्हणजे लेखापरीक्षण लागणाऱ्याच्या विवरणपत्राच्या 31 ऑक्टोबरच्या नेहमीच्या मुदतीआधी दिले गेले. उरलेले 25,000 परत मिळवायचे.

याच गटात दोन नोंदी एकमेकींच्या शेजारी असूनही वेगळ्या वागतात. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा आणि कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा एकाच चलनाने भरले जातात. मालकाचा वाटा विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरला तर वजावट मिळते. कामगाराच्या वाट्याला मात्र निधीच्या कायद्यातली मुदत, म्हणजे पुढच्या महिन्याची 15 तारीख, हीच अंतिम. ती चुकली तर वजावट कायमची जाते. 2022 मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नि:संदिग्ध केले. कारण असे की ते पैसे मालकाचे नाहीतच. कामगाराचे पैसे त्याच्या वतीने मालकाच्या हाती आलेले असतात. जो खर्च आपला आहे त्यात उशीर झाला तर वजावट पुढे ढकलली जाते. दुसऱ्याचे पैसे अडकवून ठेवले तर ती थेट जाते. कारण लक्षात असले तर हा फरक आठवावा लागत नाही, आपोआप येतो. लघु उद्योगांना मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदारासाठी 2024-25 च्या कर निर्धारण वर्षापासून कलम 43 बी ला जोडलेली नवी तरतूद अशीच कडक आहे: वर्षअखेरीला देणे उरले आणि 15 किंवा 45 दिवसांची मुदत उलटली, तर विवरणपत्राआधी पैसे देऊनही ते वर्ष वाचत नाही, दिले त्या वर्षीच वजावट मिळते.

टीडीएसची गोष्ट या तिन्ही कारणांच्या मध्ये उभी आहे. दलालीचे 90,000 रुपये धंद्याचेच, दिलेलेही आहेत, बँकेतूनही गेले. पण कापायला हवा तो कर कापला नाही, म्हणून 30 टक्के म्हणजे 27,000 रुपये अमान्य. 2014 च्या वित्त कायद्याआधी पूर्ण 90,000 अमान्य होत असत. उत्पन्न मिळवणाऱ्या दुसऱ्याच माणसाच्या कराची सक्ती माझ्या खर्चावर का, हा प्रश्न इथे रास्तपणे विचारला जातो. मला वाटते, तो प्रश्न विचारल्यामुळेच दर खाली आला आणि दुसरी सोयही मिळाली: ज्याला पैसे दिले त्याने ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवून कर भरला आहे, असे सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्राने सिद्ध केले, तर अमान्यता टळते. परीक्षेच्या प्रश्नात दलालाने कर भरल्याचे लिहिले नसेल, तर ते गृहीत धरायचे नाही. कागदावर जे नाही ते नाही.

आता हे सगळे एका ओळीत. नफा 9,40,000. त्यात परत मिळवायचे ते असे: घरखर्च व विमा 96,000, आयकर 80,000, दंड 5,000, यंत्र 1,20,000, दलालीचा भाग 27,000, बारदान 28,000, न दिलेला बोनस 25,000 आणि वहीतला घसारा 70,000, एकूण 4,51,000. बेरीज 13,91,000. त्यातून कायद्याप्रमाणे घसारा 85,000 अधिक 9,000 म्हणजे 94,000 वजा केला की 12,97,000 राहतात. मुदतठेवीचे 32,000 रुपये व्याज धंद्याचे नाही, ते ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ म्हणून वेगळे करपात्र आहे, म्हणून इथून काढायचे. धंद्याचे उत्पन्न 12,65,000. हा आकडा पूर्ण करपात्र उत्पन्न नव्हे. ते 32,000 शीर्षक बदलून एकूण उत्पन्नात परत येतात, आणि अनेक उत्तरपत्रिकांत ते विसरले जातात.

आता तफावतीचे 3,25,000 रुपये कारणांनुसार मांडून पाहा. कायमचे गेलेले म्हणजे घरखर्च 96,000, आयकर 80,000, दंड 5,000 आणि रोखीचे 28,000, मिळून 2,09,000. पुढे परत येणारे म्हणजे बोनसचे 25,000, टीडीएसचे 27,000 आणि यंत्राचे 1,11,000, मिळून 1,63,000. त्यातून घसाऱ्याच्या दरातला फरक 15,000 आणि शीर्षक बदललेले व्याज 32,000 काढले की 3,25,000 येतात. या फोडीशिवाय मी कोणत्याही समायोजनावर विश्वास ठेवणार नाही, कारण चूक इथेच दिसते. एखादी रक्कम कोणत्याच गटात बसत नसेल, तर ती परत मिळवण्याचे कारण आपल्याला सांगता आलेले नाही असा त्याचा अर्थ. ‘अमान्य’ हा एकच शब्द लिहून दोन्ही गट एकत्र केले, तर ज्या व्यापाऱ्याचे 1,63,000 रुपये फक्त लांबणीवर पडले आहेत त्याला सगळेच गेले असे वाटते, आणि पुढच्या वर्षी ते मागायचे राहून जाते.

राहून जाणे खरे आहे, कारण पुढच्या वर्षीच्या वहीत त्याची आठवण नसते. बोनसचे 25,000 पुढच्या जूनमध्ये दिले, तर नफा-तोटा पत्रकात त्यांचा उल्लेखही येत नाही. ते आधीच्या तरतुदीतून जातात. वहीचा नफा त्याने कमी होत नाही, म्हणून कराच्या गणितात ते स्वतंत्रपणे वजा करावे लागतात. दलालीचा टीडीएस पुढे कापून भरला, तर त्या वर्षी 27,000 वजा होतात. म्हणून लेखापरीक्षकाने फॉर्म 3 सीडी मध्ये मागच्या वर्षी अमान्य झालेल्या आणि यंदा भरलेल्या रकमांची माहिती द्यायची असते. कोष्टकाची एक बाजू परत मिळवण्याची असते, तशी दुसरी परत घेण्याचीही असते. यंत्राचा हिशेब आणखी लांब चालतो. पुढच्या वर्षी उरलेल्या 1,11,000 रुपयांवर 15 टक्के दराने 16,650 रुपये घसारा मिळतो आणि दरवर्षी उरलेल्या किमतीवर तो घटत जातो.

शेवटी एक हरकत उरते. करपात्र नफा असा वेगळा काढण्यापेक्षा वहीचाच नफा कराला का चालत नाही? लेखांकनाची मानके तयार आहेतच. उत्तर वह्यांच्या कामात आहे. वह्या सावध असाव्यात, संभाव्य खर्चाची तरतूद त्यांनी आधी करावी, कारण कर्ज देणाऱ्याला नुकसान आधी कळायला हवे. कर आकारणीला मात्र निश्चित घटना लागते: पैसे गेले की नाही, कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने. मालकाच्या अंदाजावर तिला अवलंबून राहता येत नाही. घसाऱ्याचा दर प्रत्येकाने आपल्या अंदाजाने ठरवला, तर एकसारख्या दोन यंत्रांवर दोन कर लागतील. लहान व्यापाऱ्याला हा सगळा खटाटोप नको असेल तर कायदा त्याला कलम 44 एडी चा पर्याय देतो: विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरायचा, 8 टक्के, आणि बँकेमार्फत मिळालेल्या विक्रीवर 6 टक्के. तिथे परत मिळवण्याची सर्व कलमे बाजूला पडतात, कारण नफा वह्यांतून काढलेलाच नसतो. मात्र ही सोय ठरावीक विक्रीपर्यंतच आहे आणि दलालीवर चालणाऱ्या धंद्याला ती मिळत नाही. आमच्या हळद व्यापाऱ्याची विक्री त्या मर्यादेत बसत नसेल, तर त्याला वहीच उघडावी लागते, आणि प्रत्येक खर्चासमोर तारीख, मार्ग आणि कारण लिहावे लागते.